सोसायटीच्या फेसबुक ग्रुपमधून पहिले आठ विद्यार्थी

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं, की घरच्या घरी ट्यूशन क्लास सुरू करायचा तर पहिली मुलं आणायची कुठून? शिकवता येतं, घरात जागा आहे, फळा घेतला, पण दाराची बेल कोण वाजवणार? आज त्यावरच बोलणार आहे. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, शिकवणं हे माझं काम नाही. शिकवते माझी ताई. पण तिच्या क्लासला पहिली मुलं मिळवायचं काम माझ्याकडे होतं आणि ती सगळी आमच्या भागातल्या फेसबुक ग्रुपमधून आली. त्यामुळे जे सांगतोय ते पुण्यातल्या वाकडमधलं, उंच टॉवरवाल्या सोसायट्यांमधलं आहे. वाड्यात, चाळीत किंवा तालुक्याच्या गावी हे असंच्या असं चालेल असं मी म्हणत नाही.

आधी परिस्थिती सांगतो. ताई शाळेत गणित शिकवायची. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, त्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे की शिक्षकाने खाजगी शिकवणी घ्यायची नाही. आजूबाजूला काय चालतं ते आपल्याला माहीत आहे, पण ताई त्या बाबतीत कडक. म्हणजे नोकरी चालू ठेवून संध्याकाळी चार मुलं घेऊन बघू, हा सोपा रस्ता तिच्यासाठी नव्हता. आधी नोकरी सोडायची, मग क्लास. मार्चअखेर तिने राजीनामा दिला. आम्ही दोघं आणि आई भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, भाड्यात तिचा वाटा तेरा हजारांचा. आठवीच्या गणिताची फी तिने महिन्याला १,८०० ठरवली, आठवड्यातून तीन दिवस. म्हणजे आठ मुलं आली की तिचा वाटा निघतो. तिच्याकडे साठवलेले पैसे ऑगस्टपर्यंत पुरणार होते. आठ मुलं, ऑगस्टअखेर, एवढं साधं गणित होतं.

आता पहिला प्रश्न, जो तुम्हीही विचाराल. सोसायटीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना फेसबुक कशाला? अरे, फेसबुक तर काका-काकूंचं झालंय! हो, पण ट्यूशन शोधणारेही काका-काकूच असतात ना. आठवीतल्या मुलाची आई चाळिशीच्या आसपासची असते, इन्स्टावरची रील बघून ती मुलाला कुणाकडे पाठवत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अडचण अशी की तिथे मेसेज वाहून जातो. सकाळी टाकलेला मेसेज दुपारी पाण्याचा टँकर, लिफ्ट आणि हरवलेली चप्पल यांच्याखाली गाडला जातो. फेसबुक ग्रुपमध्ये पोस्ट राहते. तीन महिन्यांनी कुणीतरी भिंगाच्या खुणेवर जाऊन 'मॅथ्स ट्यूशन' शोधलं तर ती सापडते. मुलाच्या शाळेसाठी नव्याने राहायला आलेले भाडेकरू नेमकं हेच करतात. त्यांना अजून कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलेलं नसतं, पण फेसबुकवर सोसायटीचं नाव शोधणं कुणालाही जमतं.

ग्रुपचेही प्रकार असतात आणि त्यांचा स्वभाव वेगवेगळा. आमच्या सोसायटीचे दोन होते. एक फक्त मालकांचा, तिथे भाडेकरूंना प्रवेशच नाही. आत जाताना फ्लॅट नंबर विचारतात आणि यादीशी ताडून बघतात. दुसरा सगळ्या रहिवाशांचा. त्याशिवाय आख्ख्या वाकड भागाचा एक भलामोठा ग्रुप, आणि त्या भागातल्या आयांचा वेगळा. नवशिक्या माणसाला वाटतं मोठ्या ग्रुपमध्ये टाकलं की जास्त मुलं येतील. पण आठवीतलं मूल संध्याकाळी सहा वाजता वाकडच्या ट्रॅफिकमधून तीन किलोमीटर जाणार कसं? आईबाबा ऑफिसमधून आलेले नसतात. म्हणून पहिली मुलं नेहमी चालत येण्याच्या अंतरातली असतात, खरं तर रस्ता न ओलांडता येण्याच्या अंतरातली. मोठा ग्रुप आम्हाला दुसऱ्या कामासाठी उपयोगी पडला. ते सांगतोच.

एप्रिलमध्ये आम्ही काहीच पोस्ट केलं नाही. मी फक्त वाचत होतो. ग्रुपच्या सर्चमध्ये ट्यूशन, क्लासेस, मॅथ्स टीचर, होम ट्यूटर असे शब्द टाकून मागच्या वर्षभरात लोकांनी काय काय विचारलंय ते एका शीटमध्ये भरलं. तारीख, इयत्ता, बोर्ड, आणि त्यांनी स्वतःहून काय लिहिलंय ते. चाळीसेक पोस्ट होत्या, दोन संध्याकाळी गेल्या. त्यातून निघालेल्या गोष्टी मला आधी माहीत नव्हत्या.

एक म्हणजे वेळ. आमच्या ग्रुपमध्ये एप्रिलमध्ये विचारणारे थोडे, मेमध्ये जवळजवळ कुणीच नाही, सगळे गावाला. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळा पुन्हा उघडल्या की एक लाट येते, आणि पहिल्या परीक्षेचे पेपर घरी आले की दुसरी, पहिलीपेक्षा मोठी. म्हणजे ज्यांनी एप्रिलमध्ये 'अ‍ॅडमिशन्स ओपन'चं पोस्टर टाकलं, त्यांचं पोस्टर गरजेच्या वेळी खूप खाली गेलेलं होतं. शिवाय पोस्टरमधलं सगळं लिखाण चित्रात. सर्चला सापडतो तो पोस्टचा मजकूर, आणि तो असतो फक्त 'कॉन्टॅक्ट फॉर डीटेल्स'. ज्याला 'आठवी आयसीएसई' शोधायचंय त्याला ते दिसणार कसं?

दुसरी गोष्ट, पालक टक्क्यांबद्दल फार कमी विचारतात. मला वाटलं होतं 'बेस्ट टीचर', 'रिझल्ट' असले शब्द भरपूर दिसतील. प्रत्यक्षात विचारणा अशी: सातवी, सीबीएसई, फक्त मॅथ्स, आमच्याच सोसायटीत, सहानंतर, छोटी बॅच. बोर्ड आणि वेळ जवळजवळ प्रत्येकात. मुलाची बस साडेचारला येते, पाच ते सहा खाली फुटबॉल, मग क्लास. ताईने तिची वेळ त्या शीटवरून ठरवली, सव्वासहा ते सव्वासात. आधी ती पाचची म्हणत होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण निनावी असतात. फेसबुक ग्रुपमध्ये नाव लपवून पोस्ट टाकायची सोय असते, आणि आया ती या कामासाठी वापरतात. का, ते सरळ आहे. 'माझा मुलगा गणितात कच्चा आहे' हे लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या चारशे लोकांना कशाला कळवायचं? आता गंमत अशी की निनावी माणसाला तुम्ही मेसेज पाठवू शकत नाही, फक्त खाली कमेंट करू शकता. आणि तिथे बघावं तर कमेंट्सची रांग: 'डीएम मी', 'इंटरेस्टेड, पिंग मी', 'कॉल ऑन धिस नंबर'. बिचारीने नाव लपवलंय आणि तुम्ही तिलाच पुढे यायला सांगताय! ती पुढे येते, पण ज्याच्या कमेंटमध्ये तिला हवं ते सगळं आधीच लिहिलेलं असतं त्याच्याकडेच.

आमचं पहिलं मूल असंच आलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक निनावी पोस्ट आली, सातवी-आठवीसाठी मॅथ्स कुणी घेतं का, मुलाला भीती बसलीय. अर्ध्या दिवसात अकरा कमेंट्स. ताईने संध्याकाळी तिच्या स्वतःच्या प्रोफाइलवरून लिहिलं. सोसायटीच्या लोकांमुळे इंग्रजीत लिहिलं, इथे मराठीत सांगतो: 'मी सी विंगमध्ये राहते. शाळेत गणित शिकवत होते, मार्चमध्ये नोकरी सोडली. आठवी सीबीएसई, फक्त गणित, सोम-बुध-शुक्र सव्वासहा ते सव्वासात, सहाच मुलं. पहिला तास बघायला या, त्याचे पैसे नाहीत. इथे उत्तर द्यायची गरज नाही, मला मेसेज करा.' बस्स. रात्री साडेदहाला मेसेज आला.

आणि तो मेसेज कुठे आला? मुख्य इनबॉक्समध्ये नाही. ज्यांच्याशी आपली मैत्री नाही त्यांचा मेसेज 'मेसेज रिक्वेस्ट्स'मध्ये जाऊन पडतो, कधी कधी त्याच्याही आत स्पॅममध्ये. नोटिफिकेशन येईलच असं नाही. म्हणून मी ताईच्या फोनवर रोज रात्री नऊचा आणि सकाळी आठचा अलार्म लावून दिला होता, फक्त ते दोन फोल्डर उघडून बघायचे. तुम्हाला हे फार क्षुल्लक वाटेल. पण आई चार जणांना एकदम मेसेज करते, आणि जो आधी नीट बोलतो त्याच्याकडे डेमो ठरतो. तीन दिवसांनी 'सॉरी, आत्ता पाहिलं' म्हणण्यात अर्थ नसतो.

प्रोफाइलबद्दल एक सांगतो आणि पुढे जातो. आपल्याकडे बऱ्याच बायकांचं प्रोफाइल लॉक असतं आणि त्याला कारणंही आहेत. पण जिच्या घरी मी माझं मूल पाठवणार तिचा चेहरा मला दिसला पाहिजे, असं आईला वाटणारच. ताईने लॉक काढलं, जुने फोटो 'फक्त मित्रांसाठी' केले, आणि बाहेरच्याला दिसतील अशा तीन गोष्टी ठेवल्या: तिचा स्पष्ट फोटो, शिक्षण, आणि आधी शिक्षिका होती हे. क्लासच्या नावाने वेगळं पेज काढलं नाही. पेजच्या नावाने सोसायटीच्या ग्रुपमध्ये कुणी आत घेत नाही, आणि शेजारी म्हणून माणूस लागतो, लोगो नाही.

मग जुलैच्या पहिल्या शनिवारी आमची स्वतःची पोस्ट. शनिवारच का? रहिवाशांच्या ग्रुपच्या नियमांमध्ये लिहिलेलं होतं की जाहिरात फक्त शनिवारी. हे नियम ग्रुपच्या 'अबाउट'मध्ये असतात, कुणी वाचत नाही. इतर वारी टाकलेलं अ‍ॅडमिन उडवतात, किंवा मंजुरीच्या रांगेत पडून राहतं आणि तुम्हाला वाटतं लोकांना रस नाही. पोस्टला शून्य प्रतिसाद आला तर आधी ती दिसतेय का हे दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बघा.

पोस्टमध्ये ताईच्या कमेंटमधलंच सगळं होतं, थोडं मोठं करून. फी लिहावी की नाही यावर घरात भांडण झालं. आई म्हणाली लिहू नका, लोक घासाघीस करतील. मी म्हटलं लिहा. शेवटी ठरलं असं की पोस्टमध्ये नाही, पण कुणी कमेंटमध्ये 'फीज?' विचारलं की तिथेच, सगळ्यांसमोर आकडा सांगायचा. 'डीएम करते' म्हणायचं नाही. कारण एक जण विचारतो तेव्हा वीस जण गप्प राहून उत्तराची वाट बघत असतात. तुम्ही आकडा लपवलात की ते वीस जण तो मनातल्या मनात जास्तच धरतात. आणि उत्तर दिलं की पोस्टवर आणखी एक कमेंट पडते, ती पुन्हा वर येते, हा वरचा फायदा.

आकडे सांगतो, कारण मी इंजिनिअर आहे आणि मला राहवत नाही. ३१ लाईक्स. १४ कमेंट्स, त्यातल्या पाच 'ऑल द बेस्ट'. सहा मेसेज. चार जणांशी फोनवर बोलणं. तीन डेमो. दोन मुलं आली. लाईक्सवर जाऊ नका, ते शेजारधर्म म्हणून मिळतात. खरा पालक ओळखायचा तर तो वेळेबद्दल विचारतो: 'शुक्रवारी तबला असतो, गुरुवार चालेल का?' असं विचारणारी आई येण्याच्या बेतात असते. 'डीटेल्स प्लीज' म्हणणारी अजून चार दुकानं फिरतेय. आणि गळती कुठे होतेय त्यावरून काय बदलायचं ते कळतं. कमेंट्स आहेत पण मेसेज नाहीत, तर बहुतेक इयत्ता किंवा बोर्ड नीट लिहिलेलं नाही. फोन होतात पण डेमो नाही, तर वेळ जुळत नाहीये. डेमोनंतर मूल येत नाही, तर मात्र फेसबुकचा दोष नाही.

म्हणून डेमोबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ताई डेमोत धडा शिकवत नाही. मुलाला पाच गणितं देते आणि गप्प बसून बघते. एका मुलाने ३/४ ÷ २/५ असं केलं: ४/३ × २/५, उत्तर ८/१५. 'उलटं करून गुणायचं' हे त्याला पाठ होतं, कोणता अपूर्णांक उलटा करायचा ते विसरला होता. ताईने चूक सांगितली नाही. विचारलं, ३/४ मोठा की २/५? तो म्हणाला ३/४. मग मोठ्यात लहान किती वेळा बसेल, एकापेक्षा जास्त की कमी? जास्त. मग ८/१५ हे उत्तर बरोबर असेल का? मुलगा वहीकडे बघत राहिला. मग तिने दोघांचे छेद सारखे करायला लावले, १५/२० आणि ८/२०. आता पंधरात आठ किती वेळा? १५/८. उलटं करायची वेळच आली नाही.

आई सव्वासातला घ्यायला आली तेव्हा ताईने दारात एवढंच सांगितलं की याला गुणाकार-भागाकार उत्तम येतो, पण अपूर्णांकांचा भागाकार हा नियम म्हणून पाठ आहे, अर्थ माहीत नाही, आणि पुढे बीजगणितात हेच आडवं येईल. दीड मिनिटाचं बोलणं. त्या आईने दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या एका निनावी पोस्टखाली स्वतःहून लिहिलं, की सी विंगमध्ये एक मॅम आहेत, माझा मुलगा जातो, पहिल्याच दिवशी नेमकं काय अडतंय ते सांगितलं. ते वाचून दोन मुलं आली. आमच्या पोस्टला चौदा कमेंट्सवर दोन, तिच्या एका कमेंटला दोन. काही जण मित्रांना सांगून अशा कमेंट्स लिहवून घेतात. सोसायटीच्या ग्रुपमध्ये ते चालत नाही हो, ज्याला मूलच नाही तो 'माय सन इम्प्रूव्ड अ लॉट' लिहितो आणि खालच्या मजल्यावरच्यांना ते माहीत असतं.

आता अडचणीची गोष्ट. आमच्या त्या शनिवारच्या पोस्टखाली सहावी कमेंट होती: 'सोसायटीत कमर्शियल अ‍ॅक्टिव्हिटीला परवानगी आहे का? कमिटीने लक्ष द्यावं.' त्याखाली तीन अंगठे. घरमालक काकांना आम्ही आधीच फोन करून विचारलं होतं. आमचा लीव्ह अँड लायसन्स करार राहण्यासाठीचा आहे, म्हणून त्यांचं 'हो' व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घेतलं होतं. सेक्रेटरी साहेबांशीही तोंडी बोलणं झालं होतं. पण कमेंट पडली की तोंडी बोलण्याला काही किंमत राहत नाही, त्यांच्यावरही दबाव येतो.

माझी पहिली इच्छा त्या गृहस्थांना उत्तर द्यायची होती. त्यांच्याच मजल्यावर एक जण केक विकतात, ते बरं चालतं! ताईने लिहू दिलं नाही. तिने कमेंटखाली एक ओळ लिहिली, 'तुमचा प्रश्न रास्त आहे, मी कमिटीला लेखी विचारते आहे.' आणि खरंच अर्ज दिला. त्यात: कोणते दिवस, किती वाजता, जास्तीत जास्त सहा मुलं, दारावर पाटी लावणार नाही, पार्किंग लागणार नाही, बाहेरची मुलं आली तर गेटवरच्या अ‍ॅपमधून त्यांची आधी नोंद करणार. दहा दिवसांनी उत्तर आलं. सोसायटीतल्या मुलांना हरकत नाही, एका वेळी सहा, रात्री आठनंतर नाही. बाहेरची मुलं नकोत, लिफ्टवर आणि सिक्युरिटीवर ताण येतो.

त्या दहा दिवसांत ताई काही बोलायची नाही, पण क्लास झाल्यावर मुलं जाताना ती दार अगदी हळू लावायची. उत्तर आल्यावर तिने ते जशाच्या तसं त्याच पोस्टखाली टाकलं, बाहेरच्या मुलांची मनाई धरून. विचारणाऱ्या गृहस्थांनी अंगठा दिला. त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही. शांत बसलेल्या दोन पालकांनी त्यानंतर फोन केला, म्हणजे ते याचीच वाट बघत होते. त्यांतल्या एकीची मुलगी नववीत निघाली आणि दुसरीला वेळ जमली नाही, ती गोष्ट वेगळी.

पण बाहेरची मुलं नाहीत म्हटल्यावर आमच्या गणिताला धक्का बसला. जुलैअखेर पाच मुलं होती. एका सोसायटीत आठवी, सीबीएसई, गणितासाठी क्लास हवा असलेली आणि त्या वेळेला मोकळी असलेली मुलं असतात तरी किती? इथे तो मोठा ग्रुप कामाला आला. ऑगस्टमध्ये पहिल्या चाचणीचे पेपर घरी आले आणि वाकडच्या ग्रुपमध्ये एका आईने विचारलं, आमच्या सोसायटीत येऊन कुणी आठवीचं गणित घेईल का. ती सोसायटी आमच्या शेजारची, मधे एक भिंत. ताईने लिहिलं की मी येईन, पण एका मुलासाठी नाही. तुमच्याकडे तीन मुलं जमत असतील तर तुमच्या हॉलमध्ये मंगळवार-गुरुवार-शनिवार घेते, फी तीच. मग मुलं गोळा करायचं काम त्या आईने तिच्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये केलं, जिथे आम्हाला कुणी आतही घेतलं नसतं. तिची स्वतःची मुलगी आणि आणखी दोन मुलं. पाच आणि तीन, आठ. तारीख होती २६ ऑगस्ट.

त्याच्या मर्यादाही सांगतो. दुसऱ्याच्या हॉलमध्ये शिकवायचं तर त्यांच्याकडे पाहुणे आले की तास रद्द, फळा न्यायचा नाही, आणि ज्यांचं घर असतं त्या आईला फीमध्ये सवलत हवीशी वाटते. ताईने ती दिली नाही, त्याऐवजी त्या मुलीला रविवारी शंका विचारायला फोनची मुभा दिली. हे किती दिवस टिकेल बघू. आणि तुमची बॅच आठवीची असेल तर एप्रिलमध्ये ती नववीत जाणार, म्हणजे नववी शिकवायची तयारी आत्तापासून हवी, नाहीतर दर वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

एक गोष्ट राहिली. माझ्या त्या शीटमध्ये एक नाव वारंवार दिसत होतं. सातवीपर्यंतच्या मुलांसाठी कुणीही विचारलं की खाली तीन-चार जणी आमच्याच सोसायटीतल्या ए विंगच्या एका काकूंना टॅग करायच्या. काकू स्वतः फेसबुकवर काहीच लिहीत नाहीत, कित्येक वर्षं सगळे विषय घेतात. मला ती स्पर्धा वाटली. ताई एका रविवारी आईला घेऊन त्यांच्याकडे चहाला गेली. काकू म्हणाल्या, 'अगं, आठवीचं गणित मला आता झेपत नाही, मुलं सातवीनंतर सोडून जातात, कुठे जातात मला माहीत नसतं.' ताईने त्यांना सांगितलं की तिला सातवीच्या खालची मुलं नकोत. काकूंच्या या वर्षीच्या सातवीत चार मुलं आहेत. त्यांनी चौघांच्या आयांची नावं एका कागदावर लिहून दिली आणि म्हणाल्या, आत्ता फोन करू नकोस, मार्चमध्ये मीच सांगीन त्यांना.

प्रश्न असतील तर पाठवा. घरमालक किंवा कमिटीला द्यायच्या अर्जाचा नमुना हवा असेल तर तसं कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू.